बस, व्हॅन की रिक्षा? शाळेच्या एका वर्षाचा हिशेब

आमच्या सोसायटीतून एकाच शाळेत जाणारी तीन मुलं आहेत. घर पुण्यात सिंहगड रस्त्याला, हिंगण्यात, शाळा पेठेत. अंतर साधारण 6 किलोमीटर. एक मुलगा शाळेच्या बसने जातो, एक मुलगी खासगी व्हॅनने, आणि माझी मुलगी दुसरीचं अख्खं वर्ष रिक्षाने गेली. तिघंही प्राथमिकची, शाळेची वेळ एकच. त्या वर्षी आम्ही तिघी आयांनी ठरवून एक साधी गोष्ट केली. ज्या दिवशी गाडी आली नाही किंवा मुलाला स्वतः सोडावं-आणावं लागलं, त्या तारखेला स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल फुली मारायची. एप्रिलमध्ये तिन्ही दिनदर्शिका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या, आणि जूनमध्ये आम्ही ज्या आकड्यांवरून निर्णय घेतले होते ते किती अपुरे होते ते कळलं.

पुण्यात नव्याने आलेल्या किंवा मुलाला पहिल्यांदाच शाळेत घालणाऱ्या पालकांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण आमच्या रस्त्याचं आहे, पण पायऱ्या ठाण्यात, नाशकात किंवा नागपुरातही याच राहतील.

गाडीवाल्याचं कशात भागतं ते आधी समजून घ्या

दर विचारण्याआधी ही गोष्ट डोक्यात असली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

शाळेची बस फेऱ्यांवर चालते. एक बस सकाळी एकच खेप मारून दिवसभर उभी राहिली तर डिझेल, ड्रायव्हर आणि मदतनीस मावशींचा पगार निघत नाही. म्हणून ती सकाळी आधी मोठ्या वर्गांची मुलं सोडते, मग रिकामी होऊन लहानांना आणायला निघते. फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश काढला. तेव्हापासून बऱ्याच शाळांत लहानांची आणि मोठ्यांची वेळ वेगळी झाली आहे. याचा अर्थ तुमचं मूल बहुधा बसच्या दुसऱ्या फेरीत असणार, आणि पहिल्या फेरीत 15 मिनिटं गेली की ती 15 मिनिटं तुमच्या स्टॉपवर उतरणार.

व्हॅन डोक्यांवर चालते. फेऱ्या कमी, मुलं जास्त. गाडी एकाच माणसाची असते, तोच मालक आणि तोच ड्रायव्हर, त्यामुळे तो आजारी पडला की गाडीही आजारी.

रिक्षा शाळेच्या दोन खेपांच्या मधल्या वेळावर चालते. रिक्षावाल्या काकांसाठी शाळेची मुलं म्हणजे महिन्याची ठरलेली रक्कम आणि बाकी दिवसभराचं भाडं वेगळं. मीटरचं लांबचं भाडं मिळालं की दुपारी शाळेवर पोचायला उशीर, हा प्रकार त्यातून होतो. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे.

आता एक हिशेब. आम्हाला रिक्षाचा दर महिन्याला 1,500 रुपये सांगितला होता. रिक्षाचा परवाना 3 प्रवाशांचा. तीनच मुलं नेली तर महिन्याचे 4,500 रुपये हाती येतात, आणि त्यासाठी रोज सकाळ-दुपारचे मिळून तीन तास जातात. कोणाचंही यात भागणार नाही. म्हणजे 1,500 हा दर ऐकला तेव्हाच मला कळायला हवं होतं की रिक्षात 7-8 मुलं असणार. मला ते पहिल्या दिवशी रिक्षा समोर आल्यावर कळलं. कोणताही दर ऐकलात की आधी मनात मुलांची संख्या काढा. स्वस्त दर मुलांच्या गर्दीतूनच येतो.

पहिली पायरी: रस्ता शाळेच्या वेळेला बघून या

रविवारी संध्याकाळी दुचाकीवर शाळेपर्यंत जाऊन ‘15 मिनिटांत पोचतो’ असं ठरवू नका. कामाच्या दिवशी, शाळा भरायच्या वेळेला एकदा जा आणि सुटायच्या वेळेला एकदा जा. मी हे काम ऑगस्टमध्ये केलं, जूनमध्ये करायला हवं होतं. सकाळी आमच्याकडून पेठेत थेट जायला 30 मिनिटं लागली. रिक्षाने मात्र मुलगी 55 मिनिटं घेत होती, कारण ती पहिली चढायची आणि मग विठ्ठलवाडी, दत्तवाडी असं करत बाकीची मुलं घेतली जायची.

पहिलं चढणारं मूल येताना बहुतेक वेळा शेवटचं उतरतं. जो कोणी गाडीवाला असेल त्याला नेमकं हेच विचारा: माझं मूल कितवं चढणार, कितवं उतरणार, आणि येतानाचा रस्ता उलटा आहे की तोच? येताना फेरी उलट फिरवायला काही जण तयार असतात, म्हणजे जे सकाळी आधी चढलं ते दुपारी आधी उतरतं. विचारल्याशिवाय कोणी करत नाही. आम्ही व्हॅनच्या काकांना विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून फेरी उलटी केली आणि शेजारची मुलगी 25 मिनिटं आधी घरी यायला लागली.

शाळेच्या फाटकाची जागाही बघून ठेवा. आमच्या शाळेसमोरच्या गल्लीत बस शिरूच शकत नाही. ती मोठ्या रस्त्यावर थांबते, आणि मावशी मुलांची रांग करून दोनशे पावलं चालवत फाटकापर्यंत नेतात. रिक्षा थेट फाटकाला लागते. व्हॅन जिथे जागा मिळेल तिथे थांबते, कधी रस्त्याच्या पलीकडे. सात वर्षांच्या मुलाला रस्ता कोण ओलांडून देतं, हा प्रश्न व्हॅनच्या बाबतीत आवर्जून विचारायचा.

दुसरी पायरी: गाडी उभी असताना नीट बघा

सुरुवात नंबरप्लेटपासून करा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक पासिंग. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. पैसे घेऊन मुलं नेण्याचा परवाना तिला नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पाट्या हिरव्या असतात: व्यावसायिक गाडीची अक्षरं पिवळी, खासगीची पांढरी. पांढऱ्या पाटीची व्हॅन कितीही स्वच्छ असली, काका कितीही ओळखीचे असले, तरी अपघात झाल्यावर विमा कंपनी ‘खासगी गाडी भाड्याने वापरली’ म्हणून हात वर करू शकते. आमच्या भागात अशा गाड्या बऱ्याच फिरतात. मी त्यात मूल बसवणार नाही, आणि तुम्हीही बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

नंबर टिपून घ्या आणि घरी येऊन mParivahan या सरकारी अ‍ॅपवर टाका. वाहनाचा प्रकार, फिटनेसची मुदत, विम्याची मुदत आणि पीयूसी तिथे दिसतं. व्यावसायिक गाडीला पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. फिटनेस जर ऑक्टोबरमध्ये संपत असेल तर त्या सुमारास गाडी पासिंगसाठी एक-दोन दिवस जाणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. दुसरी गाडी कोणती येणार, हे तेव्हाच विचारून ठेवा.

बस: महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत. पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, आपत्कालीन दरवाजा आणि मुलींसाठी महिला मदतनीस या त्यातल्या ठळक गोष्टी. रंग सगळ्यांना दिसतो, म्हणून तो तपासण्यात अर्थ नाही. आपत्कालीन दरवाजासमोर जादा सीट किंवा दप्तरांचा ढीग आहे का ते बघा. मदतनीस मावशी रोज असतात की फक्त जूनमध्ये असतात, हे जुन्या पालकांना विचारा.

व्हॅन: मागचा दरवाजा उघडायला सांगा. सीएनजी गाडीत सिलिंडर बहुधा मागे असतो, आणि गर्दी वाढली की त्याच्यावर फळी आणि गादी टाकून जादा बाक केलेला असतो. तिथे मूल बसत असेल तर ती गाडी सोडा. सीएनजीच्या सिलिंडरची दर 3 वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते, तिचा दाखला मालकाकडे असतो; मागायला संकोच करू नका. मग सीट मोजा आणि आरसीवरच्या आसनसंख्येशी ताडून बघा. ड्रायव्हरशेजारच्या एका सीटवर दोन मुलं बसवणं हा इतका रुळलेला प्रकार आहे की पालकांनाही तो खटकत नाही. पट्टा एकच, मुलं दोन, आणि गिअर टाकताना काकांचा हात आतल्या मुलाच्या गुडघ्याला लागतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी असं मोटार वाहन कायदा सांगतो.

रिक्षा: माझ्या मुलीच्या रिक्षात मागच्या सीटवर चार मुलं बसायची. त्यांच्या समोर, ड्रायव्हरच्या पाठीला लागून, एक लाकडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर तीन लहान मुलं मागे तोंड करून. आठवं मूल कधी काकांच्या शेजारी. दप्तरं बाहेरच्या हुकांना लटकलेली, पाण्याच्या बाटल्या त्यांच्यावर आपटत असायच्या. फळीवरच्या मुलाला धरायला काहीच नसतं. ब्रेक लागला की ते समोरच्यांच्या मांडीवर जातं, आणि वळणावर काठावरच्या मुलाचा गुडघा रिक्षाच्या बाहेर असतो. मुलीच्या उजव्या गुडघ्यावर पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे दिसायला लागले, डाव्यावर कधीच नाहीत, त्यावरून मला कळलं की ती काठावर बसते. मी काकांना सांगितलं. त्यांनी तिला लगेच आत सरकवलं, आणि काठावर दुसरं मूल आलं. तेव्हा मला उमजलं की माझ्या तक्रारीने प्रश्न सुटलेला नाही, नुसती जागा बदलली आहे.

स्कूल बसच्या नियमांत तीनचाकी रिक्षा बसत नाही. परवाना 3 प्रवाशांचा, उजवी बाजू जाळी किंवा आडव्या सळीने बंद, आणि फळी नाही, एवढं असेल तर रिक्षा बघा. तसं मिळत नसेल तर दुसऱ्या दोन पर्यायांकडे वळा.

तिसरी पायरी: मूल कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातं

गाडी चांगली असूनही गडबड होते ती इथेच. सकाळी तुम्ही मूल गाडीत बसवता, गाडीवाला शाळेत सोडतो, दुपारी शाळा गाडीवाल्याकडे देते, तो घरी देतो. चार वेळा हात बदलतात. प्रत्येक वेळी ‘समोरचा माणूस तिथे नसेल तर काय?’ हे आधी ठरलेलं असावं लागतं.

आमच्याकडे एक दुपार अशी गेली. रिक्षावाले काका गावाला गेले होते आणि त्यांनी आपल्या मित्राला पाठवलं होतं. काकांनी मला फोन केला नाही, शाळेलाही कळवलं नाही. बदली आलेला माणूस सज्जन होता, पण त्याला घरं माहीत नव्हती. त्याने मुलांनाच विचारत-विचारत सोडलं. माझ्या मुलीने ‘हे आमचं फाटक’ म्हणून शेजारच्या सोसायटीचं फाटक दाखवलं, कारण ती झोपेत होती आणि दोन्ही फाटकं निळी आहेत. तिथल्या वॉचमनने तिला खुर्चीवर बसवून ठेवलं आणि तिच्या ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन केला. चाळीस मिनिटं मला ती कुठे आहे ते माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही तिन्ही घरांनी जे ठरवलं ते असं. पहिलं, बदली माणूस येणार असेल तर आदल्या रात्री फोन, आणि त्याचा फोटो व गाडीचा नंबर पालकांना. तसं झालं नाही तर शाळेने मूल द्यायचं नाही, हे आम्ही वर्गशिक्षिकेला लेखी दिलं. दुसरं, घरी एक परवलीचा शब्द ठरवला. अनोळखी माणसाने ‘आईने पाठवलंय’ म्हटलं की मुलीने तो शब्द विचारायचा. आमचा शब्द एका पदार्थाचा होता, तो तिला कधी विसरायला झाला नाही. तिसरं, खाली घ्यायला कोणी नसेल तर गाडीवाल्याने मूल फाटकात न सोडता गाडीतच ठेवायचं आणि फोन करायचा. हे बसच्या मावशी आपणहून करतात. व्हॅन आणि रिक्षाला सांगावं लागतं.

गाडीवाल्याकडून घ्यायची कागदपत्रं थोडी आहेत: व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्याची प्रत, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, घरचा पत्ता आणि घरातल्या आणखी एका माणसाचा फोन नंबर. चांगला माणूस हे द्यायला खळखळ करत नाही. आमच्या व्हॅनच्या काकांनी तर सगळ्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीतच ठेवल्या आहेत.

दोन गोष्टी मुलाशी बोलून ठेवा. गाडीत कोणी त्रास दिला, मग तो मोठा मुलगा असो की ड्रायव्हर, तर घरी सांगितल्यावर कोणी रागावणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. आणि रोज गाडीतून उतरल्यावर ‘आज कुठे बसलीस?’ एवढंच विचारा. या साध्या प्रश्नातून गर्दी, बदली ड्रायव्हर, नवी मुलं, भांडणं, सगळं कळतं. गंभीर काही कळलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

शाळेची जबाबदारी कुठवर

2011 च्या नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे प्रमुख, आणि पालकांचे, वाहतूक पोलिसांचे व आरटीओचे प्रतिनिधी तिच्यात असतात. या समितीत पालक प्रतिनिधी कोण आहेत, हे शाळेच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात विचारा. बसची तक्रार तिथे चालते, कारण बसचा करार शाळेचा असतो. व्हॅन आणि रिक्षाबाबत शाळा बहुधा ‘पालकांच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेते. तो कागद सही करण्याआधी वाचा. त्याचा अर्थ एवढाच की दुपारी गाडी आली नाही तर शाळा किती वेळ मूल सांभाळेल, हे तुम्हाला वेगळं विचारून घ्यावं लागेल. आमच्या शाळेत उत्तर ‘अर्धा तास’ असं मिळालं.

चौथी पायरी: वर्षाचा हिशेब मांडा

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरते. ही संख्या धरून चला, म्हणजे तुलना सोपी होते.

आमच्याकडचे दर असे होते. बस वर्षाला 26,000 रुपये, दोन हप्त्यांत. व्हॅन महिन्याला 2,000, जून ते एप्रिल 11 महिने, म्हणजे 22,000. रिक्षा महिन्याला 1,500, तेच 11 महिने, म्हणजे 16,500. दिवाळीची सुट्टी असली तरी महिन्याचे पैसे पूर्ण द्यायचे असतात. इथे ती रीतच आहे, त्यावरून वाद घालू नका. मे महिन्याचं मात्र आधी बोलून घ्या. काही जण जागा राखून ठेवण्यासाठी मेचे अर्धे पैसे मागतात, आणि ते जूनमध्ये बोललेलं नसलं की एप्रिलमध्ये मनं दुखावतात.

जूनमध्ये बस आणि रिक्षा यांच्यात 9,500 रुपयांचा फरक दिसत होता. मी रिक्षा घेतली ती त्या फरकापायी.

आता लाल फुल्या. रिक्षाच्या दिनदर्शिकेवर 14 होत्या. चार दिवस जुलैच्या पावसाचे, काकांच्या गावच्या जत्रेचे आणि होळीचे मिळून चार, तापाचे तीन, पासिंगचे दोन, रिक्षा बंदचा एक. व्हॅनच्या नऊ होत्या, बसच्या चार. गाडी नसलेल्या दिवशी मला मुलीला घेऊन मीटरच्या रिक्षाने जावं लागे, तिला सोडून परत यावं लागे, दुपारी पुन्हा तेच. एका खेपेला साधारण 100 रुपये धरा, चार खेपा, म्हणजे दिवसाला 400.

रिक्षा: 16,500 अधिक 14 दिवसांचे 5,600, एकूण 22,100.
व्हॅन: 22,000 अधिक 9 दिवसांचे 3,600, एकूण 25,600.
बस: 26,000 अधिक 4 दिवसांचे 1,600, एकूण 27,600.

साडेनऊ हजारांचा फरक साडेपाच हजारांवर आला. 200 दिवसांनी भागलं तर रोजचे साडेसत्तावीस रुपये. बस आणि व्हॅनमध्ये तर रोजचे दहाच रुपये. यात माझी अर्धी रजा धरलेली नाही. ज्यांची दिवसाची मजुरी किंवा पगार कापला जातो त्यांनी तीही मांडावी. मग रिक्षा बसपेक्षा महागही पडू शकते. उलट घरात आजोबा असतील आणि दुचाकी असेल, तर फुलीच्या दिवसाचा खर्च पेट्रोलपुरता उरतो आणि रिक्षाचा फरक कायम राहतो. तुमचे आकडे तुमचे तुम्हीच भरा.

तीनच मुलांची रिक्षा आम्ही विचारून पाहिली होती. काकांनी प्रत्येकी 3,600 सांगितले, वर्षाचे 39,600. सुरक्षित वाटली, पण आम्हाला परवडण्यातली नव्हती. घरापासून शाळा दोन किलोमीटरच्या आत असेल तर हाच पर्याय मी पहिल्यांदा विचारीन. अंतर कमी म्हणजे काकांचा वेळ कमी, दरही खाली येतो, आणि दारात येऊन नावाने हाक मारणारा माणूस मिळतो.

वर्षात गाडी कुठे अडते

आमच्या फुल्या कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि ती सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर येते. रिक्षाला आडवाटा माहीत असतात, पण त्या दिवशी आडवाटाच तुंबलेल्या असतात, आणि ताडपत्रीचे पडदे सोडूनही काठावरची मुलं भिजतात. बस त्या दिवसांत उशिरा आली, पण आली.

गणपतीत पेठेतले रस्ते संध्याकाळी बंद होतात. दुपारी उशिरा सुटणाऱ्या शाळांनी वेळ बदलली की तीनही गाड्यांचं गणित बिघडतं. परीक्षेच्या दिवसांत शाळा लवकर सुटते. तेव्हा बस सगळे वर्ग सुटेपर्यंत थांबते आणि मूल शाळेच्या पटांगणात तासभर बसून राहतं. इथे व्हॅन आणि रिक्षा उजव्या ठरतात, एक फोन केला की येतात. आणि दोन भावंडं असतील, एक दुसरीत आणि एक सहावीत, तर बसचे दोन वेगळे फेरे आणि दोन वेगळी शुल्कं लागतात. अशा घरांना पिवळ्या पाटीची व्हॅन सोयीची पडते, हे मी पाहिलं आहे.

पाचवी पायरी: पहिला पंधरवडा आणि मध्येच बदल

पहिल्या दोन आठवड्यांत तीन-चार वेळा न सांगता शाळेच्या फाटकावर उभं राहा, सुटायच्या वेळेला. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलं कमी असतात, कारण प्रवेश अजून चालू असतात. गाडीत खरी किती मुलं बसतात हे जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिसतं, म्हणून एक फेरी तेव्हासाठी राखून ठेवा.

पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाचे एकदम देऊ नका. बस एकदम किंवा हप्त्याने मागते, तेव्हा घर बदललं तर किती परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. व्हॅन-रिक्षा सोडायची असेल तर एक महिना आधी सांगणं योग्य. त्या माणसाने तुमच्या मुलासाठी दुसरं मूल नाकारलेलं असतं.

वर्षाच्या मध्यात बसमध्ये जागा मिळणं अवघड असतं. मी ऑगस्टमध्ये विचारलं तेव्हा आमच्या रस्त्याची बस भरलेली होती, आणि त्यामुळेच मुलीने ते वर्ष रिक्षात काढलं. पुढच्या वर्षीचे मार्ग आणि स्टॉप शाळा फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवायला घेते. आमच्या सोसायटीतल्या पाच घरांनी मिळून फेब्रुवारीत अर्ज दिला की आम्हाला फाटकासमोर स्टॉप हवा. तो मिळाला, कारण पाच मुलांसाठी बस दोन मिनिटं वळवणं त्यांना परवडतं, एका मुलासाठी परवडत नाही. आता मुलगी तिसरीत आहे, सकाळी आठला मावशी तिचा हात धरून पायरीवर चढवतात. रिक्षावाले काका दिवाळीला येतात, आणि ती त्यांना अजूनही काठावर कोण बसतं ते विचारते.